पहिला हप्ता अंमळ जाडच

बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेल्या माणसाला त्याचे नातेवाईक निवृत्त होऊ देत नाहीत. कर्ज मंजूर झालं की त्यांना पेढे सुचतात; पहिला हप्ता कापला गेला की मी सुचतो. आणि बहुतेक वेळा तक्रार एकच असते: ठरला होता एक आकडा, कापला गेला भलताच.

२०२५च्या ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला तो ५ तारखेला, रविवारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी. पूर्वी बँका निदान रविवारी पैसे कापत नसत, त्यामुळे भांडणंही सोमवारी होत. २०२१च्या ऑगस्टपासून हप्ते कापणारी यंत्रणा सातही दिवस चालू असते, आणि माझी झोप त्यात गेली.

“मामा, लुटलं मला! हप्ता १२,४५५चा. मी हुशारी करून खात्यात १५,००० ठेवले होते. यांनी १६,००६ मागितले, आणि पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला!”

मागून ताईचा आवाज: “अरे, नवीन गाडीला दृष्ट लागली.”

दृष्ट वगैरे काही नव्हती. ३,५५१ रुपयांचं ब्रोकन पीरियड इंटरेस्ट होतं. संध्याकाळी दोघं कागद घेऊन हजर झाले. मंजुरीपत्र, की फॅक्ट स्टेटमेंट, परतफेडीचं वेळापत्रक, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डरला हळदकुंकू. त्या वेळापत्रकात साठ ओळी होत्या. एकोणसाठ ओळींत १२,४५५ (शेवटची रुपयाभर इकडेतिकडे), आणि पहिल्या ओळीत स्वच्छ अक्षरात १६,००६. भाच्याने वेळापत्रक वाचायला कुठून सुरुवात केली होती, हे मी विचारलं नाही. बहीण समोर होती.

आता प्रकरण काय ते सांगतो. कर्ज ६ लाखांचं, व्याज सालीना ९ टक्के, मुदत ६० महिने. हप्ता काढायचं जे सूत्र आहे ते स्वभावाने फार सरळमार्गी आहे. कर्ज दिल्यापासून बरोबर एक महिन्याने पहिला हप्ता, मग पुन्हा एक महिन्याने दुसरा, एवढंच त्याला कळतं. अशा साठ सारख्या महिन्यांवर ते १२,४५५ हा आकडा काढून देतं. पण भाच्याचे पैसे बँकेतून शोरूमला गेले १२ ऑगस्टला, म्हणजे अंगारकीला (ताईचा हट्ट), आणि बँक हप्ते घेते ५ तारखेला. पगार १ तारखेला होतो, तो खर्चून बसायच्या आत उचलावा असा त्यामागे प्रेमळ विचार. ५ सप्टेंबरला महिना पुरा होत नव्हता, म्हणून बँकेने पहिला हप्ता ५ ऑक्टोबरला ठेवला. सूत्राच्या मते कर्ज सुरू झालं ५ सप्टेंबरला. पैसे मात्र वापरात होते १२ ऑगस्टपासून. मधले चोवीस दिवस सूत्राच्या खिजगणतीत नाहीत, आणि बँक ते विसरत नाही.

“म्हणजे चोवीस दिवस उशिरा हप्ता सुरू केला यांनी, आणि दंड मला?”

“दंड नाही रे. तू खानावळीत बारा तारखेला जेवायला लागलास, आणि तिथला महिना पाच ते पाच असला, तर मधली ताटं सुटी मोजून घेतात की नाही?”

हे त्याला पटलं, कारण होस्टेलवर असताना त्याने नेमक्या याच ताटांवरून खानावळवाल्या काकूंशी भांडण केलं होतं.

हिशेब बोटांवर होतो. ६ लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५४,०००. त्याला ३६५ने भागा: दिवसाला १४८ रुपयांना थोडे कमी. चोवीस दिवसांचे ३,५५१. हे १२,४५५मध्ये मिळवा, १६,००६. पहिल्या हप्त्यातला मुद्दलाचा वाटा ७,९५५ होता आणि तेवढाच राहिला. म्हणजे जाड झालेल्या हप्त्याने कर्ज एका पैशानेही जास्त फिटलं नाही. जाडी सगळी व्याजाची.

दिवसाचा हा दर कळल्यावर मला एक आसुरी आनंद सुचला. “ताई, गाडी घरी कधी आणलीत?”

“गणेश चतुर्थीला. २७ ऑगस्टला. मुहूर्त होता.”

“आणि १२ तारखेपासून तोवर?”

“शोरूममध्ये होती. त्यांनी छान झाकून ठेवली होती.”

पंधरा दिवस गाडी शोरूममध्ये झाकलेली आणि व्याजाचा मीटर उघडा. २,२१९ रुपये. एवढी दक्षिणा आमच्या गुरुजींनी आयुष्यात कधी मागितली नाही. व्याज गाडी दारात आल्यापासून लागत नाही, पैसे बँकेतून निघाल्यापासून लागतं. तेव्हा मुहूर्त काढायचाच तर आधी पैसे सुटण्याचा काढावा, आणि गाडीचा त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडतो का ते पाहावं. (२२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला, ते दुःख वेगळं. त्या घरात त्या विषयावर अजून कोणी बोलत नाही.)

“पण मग माझ्या मित्राचा पहिला हप्ता उलट कमी कसा आला?” भाच्याने हुकमाचं पान टाकलं.

येतो. बँकेने महिना पुरा व्हायच्या आतच पहिला हप्ता घेतला तर. समजा, हेच कर्ज १५ सप्टेंबरला दिलं आणि ५ ऑक्टोबरलाच हप्ता लावला. वापर वीस दिवसांचा, व्याज २,९५९. सूत्राने महिन्याचे ४,५०० धरलेले असतात, म्हणजे १,५४१ जादा. काही बँका तेवढे पहिल्या हप्त्यातून कमी करतात आणि हप्ता १०,९१४ होतो. काही हप्ता तोच ठेवून वाचलेली रक्कम मुद्दलात वळवतात. मग शेवटचा हप्ता बारीक होतो. दोन्ही रीती चालतात. तिसरी, म्हणजे वीस दिवसांचे पूर्ण ४,५०० घेऊन गप्प बसणं, चालत नाही.

जास्तीच्या दिवसांची वसुलीही सगळीकडे एका तऱ्हेने होत नाही. कोणी पहिल्या हप्त्यात घालतं, कोणी ५ सप्टेंबरला नुसतं व्याज वेगळं कापतं. कोणी देतानाच कापून घेतं: शोरूमला ६ लाखांऐवजी ५,९६,४४९ पोचतात आणि शोरूमवाला गोड हसून उरलेले तुमच्याकडे मागतो. सगळ्यांत सभ्य दिसणारी तऱ्हा म्हणजे ही रक्कम मुद्दलात मिळवणं. पहिला हप्ता अजिबात फुगत नाही. सगळेच साठ हप्ते ७४ रुपयांनी वाढतात. कोणी फोन करत नाही, मामाची झोप मोडत नाही, आणि ३,५५१चे पाच वर्षांत ४,४००च्या वर जातात. मला विचाराल तर दणका एकदाच बसलेला बरा. फक्त तो कधी बसणार हे माहीत पाहिजे. कारण ही कापाकापी सगळं किंवा काहीच नाही अशी असते. खात्यात हजार रुपये कमी पडले म्हणून बँक १५,००० उचलून बाकीचं सांभाळून घेत नाही. अख्खा हप्ता परत जातो, खातं ज्या बँकेत ती आकार लावते, कर्ज देणारी वेगळा आकार लावते, आणि पहिलाच हप्ता बुडवणारा म्हणून क्रेडिट रिपोर्टमध्ये नाव नोंदलं जायची पाळी येते. भाच्याला मी तिथल्या तिथे फोनवरून १६,००६ भरायला लावले. उशिराचेही दिवस मोजले जातात, हे आता त्याला सांगावं लागलं नाही.

भाच्याच्या बँकेचा हिशेब चोख होता. पण प्रत्येकाचा असतोच असं नाही, आणि हे मी माझ्या जुन्या खुर्चीला स्मरून सांगतो. २९ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढून कर्ज देणाऱ्यांचे कान उपटले. तपासणीत सापडलेल्या गोष्टी वाचताना मला ओळखीचे चेहरे दिसू लागले. कोणी पैसे दिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर मंजुरीच्या किंवा करारावर सह्या झाल्याच्या दिवसापासून व्याज मोजत होतं. कोणी चेकवरची तारीख धरत होतं आणि चेक हातात देत होतं कितीतरी दिवसांनी. कोणी महिन्यातले थोडेच दिवस कर्ज असूनही अख्ख्या महिन्याचं व्याज घेत होतं. जादा घेतलेलं परत करा, असा हुकूम निघाला.

तेव्हा तपासायचं ते एवढंच. पैसे खरोखर सुटले ती तारीख घ्या, पहिल्या हप्त्यापर्यंतचे सगळे दिवस मोजा आणि दिवसाच्या दराने गुणा. भाच्याचे ५४ दिवस, साधारण ७,९८९ रुपये. त्याच्याकडून व्याजापोटी घेतले ३,५५१ आणि ४,५००, म्हणजे ८,०५१.

“बासष्ट रुपये खाल्ले!” भाचा उठून उभा राहिला.

बस खाली. सुटे दिवस ३६५ने मोजतात, पण पूर्ण महिना वर्षाचा बारावा भाग म्हणून धरतात, मग तो तिसाचा असो, एकतिसाचा असो की अठ्ठाविसाचा. सप्टेंबरात बँकेला बासष्ट मिळाले. एकतिसाच्या महिन्यात तुला थोडे सुटतात. एवढ्यातेवढ्या फरकावरून शाखेत जाऊ नये, साहेब चहा पाजतात आणि विमा गळ्यात मारतात. फरक चार-साडेचार हजारांचा निघाला तर मात्र जरूर जावं. तेव्हा बहुधा एकच महिना दोनदा मोजलेला असतो: ब्रोकन पीरियड म्हणून सगळे ५४ दिवस, आणि वर हप्त्यातले ४,५०० आहेतच. आणि या व्याजावर कोणी १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर चहा न पिताच भांडावं. प्रोसेसिंग फीवर जीएसटी लागतो, कर्जाच्या व्याजावर नाही.

“म्हणजे कर्ज नेहमी ४ तारखेला घ्यावं,” भाच्याने निष्कर्ष काढला. “एकाच दिवसाचे १४८, बास!”

घे की. पहिला हप्ता सडपातळ येईल. पण ज्या दिवसांचं व्याज वाचलं त्या दिवसांत पैसेही तुझ्याकडे नसणार. दर तोच, मुदत तीच. बँकेने तुला काही सोडलं असं नाही.

इतका वेळ ताई कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होती. ती म्हणाली, “बँक एकेक दिवस मोजते हे ठीक. पण आमच्या बचत खात्यावर व्याज देताना रे? मागे मी बारा तारखेला पैसे भरले की त्या महिन्याचं काहीच मिळायचं नाही.”

खरं होतं. १ एप्रिल २०१०च्या आधी बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळायचं. अकराला पैसे टाकले तर तो महिना फुकट, आणि वीस तारखेला एक दिवसासाठी काढले तरी फुकट. रोजच्या शिलकेवर व्याज त्यानंतर आलं. तोवर आम्ही कर्जाचे दिवस मोजत होतो आणि ठेवीदाराचे गाळत होतो.

“तू तेव्हा बँकेतच होतास ना?” ताईने पेन माझ्यापुढे ठेवलं. “मग कर हिशेब. १९८८पासूनचा.”