पाटल्या लिलावात पोचवण्याची सोपी पद्धत

सोनेतारण कर्ज घेऊन ते मुदतीत फेडणं कुणालाही जमतं. पण सगळी कामं वेळच्या वेळी करून, कुठेही हप्ता न बुडवता, घरातलं सोनं दोन-अडीच वर्षांत लिलावापर्यंत नेणं हे थोडं शिकावं लागतं. नवशिक्यांसाठी हा अभ्यासक्रम.

सुरुवात योजना निवडण्यापासून करा. काउंटरवर दोन पर्याय मिळतील. एकात दरमहा व्याज भरायचं असतं. दुसऱ्यात वर्षभर काहीच भरायचं नसतं. मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम. याला बुलेट परतफेड म्हणतात. नाव ऐकून सावध होऊ नका, दुसराच पर्याय घ्या. हंगामावर पैसे येणाऱ्या शेतकऱ्याला तो खरोखर सोयीचा आहे, आणि ज्याचा पगार दरमहा येतो त्यानेही तोच घ्यायचा आहे.

आता उदाहरण. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. तुमच्या पाटल्या आणि मोहनमाळ मिळून, खडे, मणी आणि आतली लाख वजा जाता, २२ कॅरेटचं ४० ग्रॅम निव्वळ सोनं भरलं. भाव ग्रॅमला ६,००० रुपये धरला, तर किंमत २ लाख ४० हजार. तिच्या ७५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये कर्ज तुम्हाला मिळालं. फलकावर व्याजाचा दर १२ टक्के. तो फलक मनापासून वाचा आणि तिथेच थांबा. मंजुरीपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात टप्पे असतात: व्याज दरमहा भरलं तर १२ टक्के, तीन महिने थकलं तर १५, सहा महिन्यांपुढे २०. अनेक योजनांत वरचा टप्पा लागला की तो पहिल्या दिवसापासून लागतो. ते पान उलटलं तर पुढचा अभ्यासक्रम वाया जाईल.

वर्ष सरलं. २० टक्क्यांनी ३६ हजार व्याज झालं, देणं २ लाख १६ हजार. एवढी रक्कम हाताशी नाही. इथे घाबरायचं नाही, नवं-जुनं करायचं. जुनं कर्ज बंद, त्याच दागिन्यांवर त्याच दिवशी नवं कर्ज सुरू. दरम्यान सोनं १५ टक्क्यांनी वाढून ६,९०० झालं आहे. त्याच ४० ग्रॅमची किंमत आता २ लाख ७६ हजार, आणि तिच्या ७५ टक्के म्हणजे २ लाख ७ हजार. नव्या कर्जातून जुनं फिटतं, फक्त ९ हजार खिशातून द्यावे लागतात. शुल्काचे किरकोळ पैसे वेगळे. घरी येऊन सांगा, ‘नऊ हजारांत वर्षभराचं काम झालं.’

या धड्याचं मर्म हेच आहे, म्हणून जरा थांबू. ३६ हजारांपैकी ९ हजार तुम्ही भरलेत. उरलेले २७ हजार कुठे गेले? ते नव्या पावतीवर मुद्दल म्हणून बसले. पुढच्या वर्षी त्यांच्यावरही व्याज चढेल, आणि पावतीवर ‘व्याज थकीत’ असं कुठेच दिसणार नाही, कारण कागदोपत्री जुनं कर्ज पूर्ण फिटलं आहे. सोनं वाढलं त्याचा फायदा तुम्हाला झाला असता. तो व्याजाने खाल्ला आणि तुम्हाला वाटलं की भाव वाढला म्हणून आपण सुटलो. भाव चढता असेपर्यंत हे कळत नाही. शाखेतही कुणाला घाई नसते, तेवढंच त्यांचं येणं वाढत असतं.

दुसऱ्या वर्षी भाव ६,९०० वरच राहिला. २ लाख ७ हजारांवर २० टक्के, म्हणजे ४१,४०० व्याज. देणं २ लाख ४८ हजार ४०० रुपये. भाव न वाढल्याने नवं कर्ज पुन्हा २ लाख ७ हजारच मिळेल, म्हणजे या वेळी नऊ नव्हे, पूर्ण ४१,४०० रोख लागतील. मागच्या वर्षीची सवय असल्याने ते जमवलेले नसतील, हे गृहीत आहे.

उत्साहावर पाणी पडू नये म्हणून पुढचा हिशेब नजरेआड करावा. १२ टक्क्यांनी दरमहा १,८०० रुपये भरले असते, तर दोन वर्षांत ४३,२०० जाऊन मुद्दल १ लाख ८० हजारच राहिलं असतं. या पद्धतीत व्याज ७७,४०० झालं. फरक ३४,२०० रुपयांचा, ६,९०० च्या भावाने जवळजवळ पाच ग्रॅम.

एक आकडा तर चुकूनही काढू नका: एकूण देणं भागिले निव्वळ ग्रॅम. पहिल्या दिवशी तो ४,५०० होता, पहिल्या नवं-जुनंनंतर ५,१७५, आणि आता ६,२१०. सोन्याचा भाव या आकड्याला टेकला की दागिन्यांत तुमचं काही उरलं नाही. ६,९०० वरून ६,२१० म्हणजे फक्त १० टक्के घसरण. एप्रिल २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात सोनं दोन व्यवहार-दिवसांत सुमारे १३ टक्के पडलं होतं.

रिझर्व्ह बँकेने या कलेत व्यत्यय आणला आहे, हे खेदाने सांगावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने सोनेतारणातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवलं, आणि जून २०२५ च्या निर्देशांत १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत देऊन नियम घट्ट केले. घरगुती गरजेचं बुलेट कर्ज बारा महिन्यांपुरतंच. झालेलं व्याज भरल्याशिवाय त्याचं नूतनीकरण नाही. आणि कर्जाची मर्यादा आजच्या मुद्दलावर न मोजता मुदतीअखेर होणाऱ्या मुद्दल-व्याजावर मोजायची. अडीच लाखांपर्यंत ही मर्यादा ८५ टक्के आहे. आपल्या २ लाख ४० हजारांच्या सोन्यावर २ लाख ४ हजार बसतात, त्यातून २० टक्के व्याज काढलं की हातात १ लाख ७० हजारच येतात. ८५ टक्के ऐकून आनंदलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

जिद्दी विद्यार्थ्याला तरीही वाट सापडते. व्याजापुरते पैसे कुणाकडून दोन दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, नूतनीकरण करायचं, सोन्याचा भाव वाढला असेल तर वाढीव कर्ज उचलून ते परत करायचे. व्याज भरल्याची पावती मिळते आणि मुद्दल वाढतं, म्हणजे मूळ पद्धत शाबूत. पतसंस्थांना तर रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागूच नाहीत. त्या सहकार खात्याकडे येतात.

शेवटचा टप्पा फार मेहनतीचा नाही. पत्ता बदलला तर कळवू नका, नोटीस जुन्या घरी जाईल. लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात येते, ती वाचू नका. सगळे दागिने एकाच पावतीवर ठेवले असतील तर उत्तम. पाटल्या एका कर्जात आणि मोहनमाळ दुसऱ्यात असती, तर एखादा डाग मोडून दुसरा सोडवता आला असता. भाव ६,२१० असताना लिलाव झाला तर राखीव किंमत चालू किमतीच्या ९० टक्के, म्हणजे २ लाख २३ हजार ५६० पर्यंत खाली असू शकते. तेवढ्यालाच बोली थांबली तर सोनं गेलं आणि २४,८४० रुपये देणं उरलं.

भाव चढा असताना लिलाव झाला, तर देणं वजा जाऊन काही उरण्याचीही शक्यता असते. ती रक्कम तुमची आहे, नव्या निर्देशांनुसार सात कामकाजी दिवसांत परत मिळायला हवी. लिलावाचा हिशेब लेखी मागा, आणि तो मागायला जाताना पहिल्या कर्जाची पावती सोबत न्या.