साठ टक्के कशाचे?

जून महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तीन दरांचा माल शेजारी शेजारी विकला जातो. पेरणीचं बियाणं करमुक्त, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. शेतकऱ्याला त्याचं देणंघेणं नसतं. दुकानदाराला मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत ठरवावं लागतं, की खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट किती घ्यायचं आणि किती सोडायचं.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक दुकानदार पोर्टलवर दिसेल तेवढं सगळं क्रेडिट घेतो आणि नोटिशीची वाट पाहतो. दुसरा घाबरून हक्काचं क्रेडिटही सोडून देतो. या दुसऱ्याला कधीच नोटीस येत नाही, त्यामुळे आपलं नुकसान झालं हे त्याला कोणी सांगतही नाही. मला त्याची जास्त काळजी वाटते.

आकडे मांडूनच बोलू. समजा विदर्भातल्या एका केंद्राची जूनची विक्री २० लाख. त्यात बियाणं १२ लाख, खत ६ लाख, कीटकनाशक २ लाख. म्हणजे करमुक्त विक्री ६० टक्के. खरेदीवरचा कर असा: खतावर २५,००० रुपये, पुढच्या फवारणीसाठी भरून ठेवलेल्या कीटकनाशकांवर ७२,०००, फक्त बियाण्याच्या जाहिरातीसाठी छापलेल्या पत्रकांवर १,८००, शेतकरी मेळाव्यात दिलेल्या जेवणाच्या बिलावर १,०००, आणि दुकानभाडं, बिलिंग सॉफ्टवेअर, सीएची फी या सगळ्यांवर मिळून ७,२००. एकूण १,०७,००० रुपये.

आता घाबरलेला दुकानदार काय करतो? करमुक्त विक्री ६० टक्के, म्हणून १,०७,००० चे ६० टक्के, म्हणजे ६४,२०० रुपये उलटवून मोकळा होतो. पण ६० टक्के कशाचे, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

सीजीएसटी नियम ४२ मध्ये टक्केवारी सगळ्यात शेवटी येते. आधी ब्लॉक्ड क्रेडिट बाजूला काढायचं. मेळाव्याचं जेवण कलम १७(५) खाली येतं, म्हणून त्याचे १,००० गेले. मग निव्वळ करमुक्त मालासाठी झालेला खर्च काढायचा. पत्रकं फक्त बियाण्याची होती, त्यांचे १,८०० गेले. त्यानंतर निव्वळ करपात्र मालाचा कर वेगळा ठेवायचा. खत आणि कीटकनाशकावरचे ९७,००० रुपये पूर्णपणे दुकानदाराचे आहेत, त्यांना टक्केवारीचा हातही लागत नाही. उरतात सामाईक खर्चाचे ७,२००. गुणोत्तर लावायचं ते फक्त याच रकमेला. नियमातलं सूत्र एवढंच आहे:

```
D1 = (E ÷ F) × C2
```

E म्हणजे त्या काळातली करमुक्त विक्री, F म्हणजे राज्यातली एकूण उलाढाल, C2 म्हणजे उरलेलं सामाईक क्रेडिट. ७,२०० चे ६० टक्के, ४,३२० रुपये. तिन्ही वजावटी मिळून ७,१२० होतात. म्हणजे ६४,२०० उलटवणाऱ्याने एका महिन्यात ५७,०८० रुपये विनाकारण सोडले. (सामाईक खर्चात घरगुती वापरही मिसळलेला असेल, तर C2 चे आणखी ५ टक्के जातात. दुकानाच्या नावावरचा फोन घरात वापरला जात असेल, तर हे लागू पडतं.)

खरेदीची नोंद करतानाच बिलावर चारपैकी एक शेरा मारला, की हे सगळं सोपं होतं: ब्लॉक्ड, करमुक्त, करपात्र, सामाईक. महिनाअखेरीला बिलांचा गठ्ठा घेऊन बसणाऱ्याला पत्रकं कोणाची होती हे आठवत नाही. मग सगळंच ‘सामाईक’मध्ये ढकललं जातं आणि दुसऱ्या बाजूची चूक होते.

ब्लॉक्ड क्रेडिटबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. ‘गाडी थोडी धंद्यासाठीही वापरतो, मग निम्मं तरी क्रेडिट मिळेल ना?’ नाही. १७(५) मध्ये प्रमाण नावाची गोष्टच नाही. दुकानदाराच्या कारचं क्रेडिट पूर्ण गेलं, तिच्या विम्याचं आणि दुरुस्तीचंही गेलं. माल वाहणाऱ्या पिकअपचं मात्र मिळतं, आणि ती बियाणं आणि खत दोन्ही वाहते म्हणून ते सामाईक धरायचं. दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटलेल्या भेटवस्तूंचं गेलं. एकावर एक मोफत या योजनेतली दुसरी बाटली भेट ठरत नाही, कारण एका किमतीत दोन विकल्या जातात. मुदत संपलेलं कीटकनाशक नष्ट केलं, तर पूर्वी घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. तोच माल कंपनीने क्रेडिट नोट देऊन परत घेतला, तर तो व्यवहार निराळा. म्हणून मुदतीची तारीख जवळ आली की परतीचं पत्र वेळेत पाठवा.

गोदामाचंही तसंच. भाड्याच्या गोदामाचा कर सामाईक खर्चात येतो. स्वतःचं गोदाम बांधलं, तर सिमेंट-लोखंडाचं क्रेडिट बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या सफारी रिट्रीट्स निकालाने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतींपुरती एक वाट किलकिली केली होती. वित्त कायदा २०२५ ने कलमातला ‘किंवा’ काढून ‘आणि’ घातला, तोही १ जुलै २०१७ पासून, आणि ती वाट बुजवली. आठ वर्षं मागे जाऊन कायदा बदलणं मला अन्यायाचं वाटतं. पण आज जो दुकानदार त्या निकालाच्या भरवशावर गोदामाचं क्रेडिट घेईल, तो अडकेल.

संगणक, फ्रिज, वजनकाटा अशा भांडवली वस्तूंसाठी नियम ४३ आहे. संगणकावर ९,००० रुपये कर भरला, तर तो ६० महिन्यांत वाटायचा. महिन्याला १५० आले. जूनमध्ये त्याचे ६० टक्के, म्हणजे ९० रुपये उलटवायचे. रक्कम किरकोळ, पण पाच वर्षं लक्षात ठेवायची.

खरी मेख वर्षअखेरीला आहे, आणि बियाणं विकणाऱ्याला ती हमखास टोचते.

नियम ४२ सांगतो की वर्ष संपल्यावर संपूर्ण वर्षाचं गुणोत्तर काढून हिशेब पुन्हा करा. आपल्या केंद्राची वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख आणि त्यात बियाणं ३० लाख धरा. गुणोत्तर २५ टक्के. सामाईक कर दरमहा ७,२००, वर्षाचा ८६,४००. त्याचे २५ टक्के २१,६००. महिन्या-महिन्याला काय उलटवलं ते आता पाहा. मे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये गुणोत्तर ५० टक्के, जूनमध्ये ६०, डिसेंबरमध्ये २०, जुलैत १०, ऑगस्टमध्ये ५. उरलेल्या पाच महिन्यांत बियाण्याची विक्रीच नाही, म्हणून शून्य. वर्षभरात उलटवलेली रक्कम भरते १७,६४०. तूट ३,९६० रुपयांची.

दर महिन्याला हिशेब बिनचूक केला, तरी तूट का आली? भाडं बारा महिने सारखंच असतं आणि विक्री तशी नसते. फेब्रुवारीत दुकानात फक्त तीन लाखांची विक्री झाली, तीही सगळी करपात्र, म्हणून त्या महिन्याच्या भाड्याचं पूर्ण क्रेडिट मिळालं. जूनमध्ये वीस लाखांचा धंदा झाला, पण टक्केवारी लागली तेवढ्याच भाड्याला. वर्षाच्या गुणोत्तरात जूनचं वजन मोठं असतं, महिन्याच्या हिशेबात ते फेब्रुवारीइतकंच. हंगामी दुकानात हा फरक पडणारच. तो कधी दुकानदाराच्या बाजूनेही पडतो, आणि तेव्हा जादा उलटवलेलं क्रेडिट परत घेता येतं.

दोन्हींची अंतिम मुदत एकच: पुढच्या आर्थिक वर्षातल्या सप्टेंबरच्या रिटर्नची देय तारीख. व्याज मात्र १ एप्रिलपासून सुरू होतं, १८ टक्क्यांनी. ३,९६० रुपये ऑक्टोबरपर्यंत ठेवले तर सुमारे चारशे रुपये व्याज. हे फार नाही. पण तूट विसरून गेलात आणि नोटीस आली, तर कलम ७४ए खाली दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांतला जो जास्त असेल तो. नोटीस निघण्याआधी, किंवा निघाल्यापासून ६० दिवसांत, कर आणि व्याज भरलं तर हा दंड लागत नाही. चार हजारांच्या तुटीवर दहा हजारांचा दंड टाळायचा असेल, तर वर्षाचा हिशेब एप्रिलमध्येच मांडा.

अधिकाऱ्याला हे कळतं कसं? दुकानात यायची गरजच नसते. GSTR-3B मध्ये 3.1(c) या रकान्यात १२ लाखांची करमुक्त विक्री दिसते आणि 4(B)(1) मध्ये उलटवलेलं क्रेडिट शून्य. दोन रकाने शेजारी ठेवले की चौकशीची नोटीस तयार. GSTR-2B मध्ये क्रेडिट ‘उपलब्ध’ दिसत होतं, हे उत्तर चालत नाही. पुरवठादाराने बिल चढवलं, एवढंच त्या यादीला माहीत असतं. ते जेवण कोणी जेवलं आणि ती गाडी कोण चालवतं, हे तिला ठाऊक नसतं. ब्लॉक्ड आणि नियम ४२-४३ ची रक्कम आधी 4(A) मध्ये पूर्ण दाखवून मग 4(B)(1) मध्ये वजा करायची, असं २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. ती 4(B)(2) मध्ये टाकू नका. तिथल्या रकमा पुढे परत घेण्यासारख्या मानल्या जातात, आणि या कायमच्या गेलेल्या असतात.

सरकारला एकच सांगणं आहे. बँकांना कलम १७(४) ने हा सगळा हिशेब टाळून सरसकट ५० टक्के क्रेडिट घेण्याची मुभा दिली आहे. त्यांच्याकडे हिशेबनिसांची फौज असते. तालुक्याच्या गावात बियाणं विकणाऱ्याकडे एक मुनीम असतो, तोही चार दुकानांचा. त्याला मागच्या वर्षाचं गुणोत्तर वर्षभर वापरून एप्रिलमध्ये एकदाच फरक भरण्याचा पर्याय द्या. वर्षअखेरीला पुन्हा हिशेब होतच असल्यामुळे सरकारचा एक रुपयाही बुडणार नाही.