अर्धाच तास, चालेल ना?

डोंबिवलीत आमची मोडी लिपीची कार्यशाळा रविवारी असते. दहा ते एक ही वेळ मात्र फक्त पत्रकापुरती. मुळाक्षरं वेळेत होतात. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हे लोकांना आवडतं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही म्हटल्यावर तर चेहरेच उजळतात. घोडं अडतं ते जुना कागद वाचताना. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसल्यामुळे एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि कुणा कारकुनाचा चार ओळींचा हिशेब पाऊण तास खातो.

मग एकला पाच कमी असताना सर विचारायचे, "अर्धा तास वाढवू या? चालेल ना?"

सरांच्या हातात अर्धवट कागद असताना नाही कोण म्हणणार? "चालेल की!" म्हणणाऱ्या काकांचे पाय टेबलाखाली चपला शोधत असतात. एक काकू फोनवर कुजबुजतात, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर." कल्याणकडची मंडळी मेगाब्लॉकमधली पुढची लोकल बघू लागतात. माझा ठोकताळा सोपा आहे: बोरू पुसून पिशवीत गेला की माणूस गेला. तोंडाने तो काही म्हणो.

म्हणून विचारण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. सगळ्यात आधी वॉचमनकाकांना विचारते, कारण सभागृह त्यांच्या मर्जीवर उघडं राहतं. गेल्या वेळी ते म्हणाले, "दोनला डोहाळजेवण आहे. दीडला मी पंखे बंद करणार." मग सव्वाबाराला, चहाबरोबर, चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, फक्त 'थांबतो' किंवा 'जातो'. त्याआधी सरांनी हौसेने हात वर करायला लावले होते, तेव्हा बावीसच्या बावीस हात वर होते. चिठ्ठ्यांत थांबणारे निघाले नऊ. सर थोडे खट्टू झाले, पण पहिला कागद एकच्या आत संपवायला कबूल झाले. वाढीव वेळेत दुसरा कागद घ्यायचा आणि त्याची झेरॉक्स जाणाऱ्यांना आधीच द्यायची. एक वाजता तेराजण चोरासारखे न निघता चक्क निरोप घेऊन गेले.

उरलेले नऊजण बैलांच्या चाऱ्याच्या हिशेबात एका शब्दाशी अडले. सर 'गवत' म्हणेनात आणि 'गवताचे'ही म्हणेनात. सव्वाला डोहाळजेवणाची मंडळी फुलांच्या परड्या घेऊन हजर. त्यांच्यातल्या नव्वदीच्या आजी खुर्ची शोधत आमच्या टेबलापाशी आल्या, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून वाचलं, "गव्हाचे काड." शाळेत मोडी शिकल्या होत्या म्हणे.

सरांचे डोळे लकाकले. "आजी, अर्धा तास थांबाल?"

"मी कशाला जातेय," आजी म्हणाल्या, "तुम्हीच आटपा. आम्हाला झोपाळा बांधायचाय."