फॉर्मवर ‘नाही’ लिहू नका

दुबईच्या कंपनीत रुजू होणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात आरोग्य विम्याचा फॉर्म पडतो. त्यात विचारलेलं असतं, ‘तुम्हाला आधीपासून काही आजार आहे का?’ रत्नागिरीचा, कोल्हापूरचा, नाशिकचा माणूस बॅगेत मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आलेला असतो, आणि तिथे बिनदिक्कत ‘नाही’वर खूण करतो. एजंट सांगतो, खोलीतले सांगतात, कधी कंपनीतला कारकूनच सांगतो: नाही म्हण, नाहीतर लफडं होईल.

खरं लफडं या ‘नाही’नेच होतं.

आधी भीतीचा मुद्दा निकालात काढू. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत मुख्यतः एचआयव्ही आणि क्षयरोग पाहतात. शुगर आहे म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. विम्याचं म्हणाल, तर दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक मालकाला आपल्या कामगाराचा विमा काढावाच लागतो, आणि त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. महिना ४,००० दिरहमपर्यंत पगार असलेल्यांसाठी सरकारने किमान लाभांची एक मूलभूत योजना ठरवून दिली आहे. तिच्यात जुने आणि कायमचे आजार विमा कंपनीला धरावेच लागतात. फक्त पहिल्यांदाच विम्यात येणाऱ्याला त्या आजारासाठी सहा महिने थांबावं लागतं. हा थांबण्याचा काळ टाळायला माणूस खोटं लिहितो आणि कायमचा अडकतो.

समजा, एसी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. वय ४४, पगार ३,२०० दिरहम, शुगर पाच वर्षांपासून. पॉलिसी १ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे शुगरच्या उपचारांसाठी ३१ जुलैपर्यंत थांबायचं. हे सहा महिने पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात. विमानातून उतरल्याच्या किंवा कामावर चढल्याच्या दिवसाशी त्यांचा संबंध नाही. गावाकडे दहा वर्षांचा मेडिक्लेम असला, तरी ती दहा वर्षं इथे कामाला येत नाहीत.

एप्रिलमध्ये त्याचा घसा धरतो, ताप येतो. तो नेटवर्कमधल्या क्लिनिकला जातो. तपासणी फी १०० दिरहम, त्यातले २० टक्के त्याचे, म्हणजे २०. औषधं ६० दिरहमची, त्यातले ३० टक्के त्याचे, म्हणजे १८. एकूण ३८ दिरहम देऊन तो घरी येतो. को-पेमेंट ते हेच: प्रत्येक वेळी बिलातला ठरलेला वाटा रुग्णाने जागेवर भरायचा.

त्याच एप्रिलमध्ये तो शुगर वाढली म्हणून गेला, तर? फी, रक्ततपासणी, गोळ्या मिळून समजा ५५० दिरहम झाले. हे सगळे ५५० त्याने स्वतः भरायचे, कारण डॉक्टर बिलावर आजाराचा कोड E11 टाकतो, म्हणजे टाइप २ मधुमेह, आणि त्या आजाराचे सहा महिने अजून संपलेले नसतात. डॉक्टर तोच, क्लिनिक तेच, कार्डही तेच. त्या एका कोडने हिशेब बदलतो. या काळासाठी गावाकडून डॉक्टरांच्या चिठ्ठीसह गोळ्या घेऊन यावं, हा रोकडा सल्ला आहे.

मात्र याच सहा महिन्यांत शुगर इतकी चढली की माणूस बेशुद्ध पडला, तर तो आणीबाणीचा उपचार विम्याला द्यावाच लागतो. जुना आजार आहे म्हणून तेव्हा हात वर करता येत नाहीत. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. म्हणूनच खोलीत पडून सहन करणारे आणि उशिरा हॉस्पिटल गाठणारे कमी नाहीत. कृपा करून असं पडून राहू नका.

आता सप्टेंबर. पायाला जखम झाली, शुगरमुळे चिघळली, भरती व्हावं लागलं. बिल समजा १४,००० दिरहम. २० टक्के म्हणजे २,८०० दिरहम, जवळजवळ महिन्याचा पगार. हा आकडा ऐकूनच माणूस हॉस्पिटलच्या दारातून परत फिरतो. पण मूलभूत योजनेत भरतीच्या को-पेमेंटला कमाल मर्यादा आहे: एका भरतीला ५०० दिरहम आणि वर्षभरात सगळ्या भरती मिळून १,००० दिरहम. त्यापुढचं सगळं विमा भरतो. म्हणजे या माणसाने २,८०० नव्हे, ५०० द्यायचे. नोव्हेंबरमध्ये पुन्हा भरती झाला, तर आणखी ५००. त्याच वर्षात तिसऱ्यांदा झाला, तर त्याचा वाटा शून्य. टक्केवारी सगळे सांगतात, कमाल मर्यादा कोणी सांगत नाही. ती सांगणं कंपनीच्या एचआरचं काम आहे, आणि ते होत नाही याचा मला राग येतो.

आता फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेल्या माणसाचा सप्टेंबर पाहा. भरतीसाठी हॉस्पिटल विमा कंपनीकडे मंजुरी मागतं. सोबत डॉक्टरांची टिपणं जातात. भरती करताना डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतो, शुगर किती वर्षांपासून? वेदनेत माणूस खरं बोलतो, ‘पाच वर्षं झाली.’ डॉक्टर तेच लिहितो, कारण उपचारासाठी त्याला खरं कळायलाच हवं. समजा माणूस तिथेही खोटं बोलला. मग रक्ताची एचबीएवनसी तपासणी आहे. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवते. पॉलिसी सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात केलेल्या तपासणीत ती ९ आलेली असली, तर हा आजार काल झालेला नाही हे कोणालाही दिसतं. कंपनी फॉर्म काढते, ‘नाही’ पाहते आणि माहिती लपवल्याच्या कारणावरून मंजुरी अडवते. ५०० दिरहमच्या जागी १४,००० दिरहम त्याच्या डोक्यावर येतात, म्हणजे चार महिन्यांपेक्षा जास्त पगार. सहा महिन्यांची प्रतीक्षा वाचवायला गेलेल्याला हा भुर्दंड पडतो. आणि खोटं बोल म्हणून सांगणारा एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

आता नेटवर्क. इथे फसगत होते ती एका प्रश्नामुळे. माणूस रिसेप्शनवर कार्ड दाखवून विचारतो, ‘ही विमा कंपनी तुमच्याकडे चालते का?’ उत्तर मिळतं, ‘हो.’ उत्तर खरंच असतं आणि तरीही पुढे बिल हातात येतं. कारण एकाच विमा कंपनीची पाच-सहा नेटवर्कं असतात, महागाची मोठी आणि स्वस्ताची छोटी. महाग योजनेला जे हॉस्पिटल चालतं, ते मूलभूत योजनेला चालेलच असं नाही. हॉस्पिटलची एक शाखा नेटवर्कमध्ये असते, दुसरी नसते. काही ठिकाणी ओपीडी चालते, भरती चालत नाही. म्हणून कार्डावर छापलेलं नेटवर्कचं नाव वाचा आणि प्रश्न पूर्ण विचारा: ‘या नावाच्या नेटवर्कला, या शाखेत, भरतीसाठी चालतं का?’ उत्तर देणाऱ्याने संगणकात कार्डाचा नंबर टाकून पाहिला नाही, तर ते उत्तर मानू नका.

मूलभूत योजनेत स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही. आधी साध्या डॉक्टरकडे जायचं, त्याची चिठ्ठी घ्यायची, मग पुढे. चिठ्ठीशिवाय गेलात, तर नेटवर्कमधलं हॉस्पिटल असूनही बिल तुमचं. एक सवलत मात्र लक्षात ठेवा. त्याच आजारासाठी सात दिवसांच्या आत त्याच डॉक्टरकडे पुन्हा गेलात, तर तपासणीचं को-पेमेंट लागत नाही. मागितलं, तर विचारा का मागता.

नेटवर्कबाहेर आणीबाणी तेवढी चालते. छातीत दुखत असेल, तर जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे जा, यादी चाळत बसू नका. पण भरती झाल्यावर २४ तासांच्या आत सोबतच्या माणसाने कार्डावरच्या नंबरवर फोन करून कळवायला हवं. प्रकृती स्थिर झाली की विमा कंपनी नेटवर्कमधल्या हॉस्पिटलमध्ये हलवायला सांगू शकते. तेव्हा ‘इथेच बरं आहे’ म्हणून थांबलात, तर त्या घटकेपासूनचं बिल तुमच्या नावावर चढू लागतं. हे सोबतच्या मित्राला माहीत हवं, कारण रुग्ण तेव्हा फोन करण्याच्या स्थितीत नसतो.

शुगर-बीपीवाल्यांना आणखी एका गोष्टीचा फटका बसतो, ती म्हणजे औषधांची वार्षिक मर्यादा. ३० टक्के भरले की झालं असं वाटतं, पण औषधांच्या एकूण रकमेलाही वर्षाची कमाल मर्यादा असते. समजा तुमच्या लाभांच्या तक्त्यात ती २,५०० दिरहम आहे आणि तुमच्या गोळ्या महिना ३०० च्या. आठ महिन्यांत २,४०० संपले. नवव्या महिन्यात १०० उरतात, पुढे सगळं खिशातून. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या भेटीतच डॉक्टरला सांगा, ब्रँड नको, जेनेरिक लिहा. महिना १५० वर आला, तर वर्षाचे १,८०० होतात आणि मर्यादा पुरून उरते.

हे आकडे मूलभूत योजनेचे. तुमचा पगार जास्त असेल, तर कंपनीने वेगळी योजना घेतलेली असेल, जिच्यात को-पेमेंट ‘२० टक्के, कमाल ५० दिरहम’ अशा रूपात असतं. शारजा, अजमानकडच्या कामगारांसाठी २०२५ पासून वेगळी मूलभूत योजना आहे, तिचे नियमही वेगळे. म्हणून एचआरकडे प्लास्टिकच्या कार्डासोबत ‘टेबल ऑफ बेनिफिट्स’ लेखी मागा. ई-मेलने मागा, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो. दोन-तीन पानांचा तो तक्ता असतो आणि वरचा प्रत्येक आकडा त्यातच सापडतो.

आणि नोकरी बदलताना एवढं करा. सहा महिन्यांची प्रतीक्षा फक्त पहिल्यांदा विम्यात येणाऱ्याला असते, पण तुम्ही आधी विम्यात होता हे नव्या विमा कंपनीला आपोआप कळेलच असं नाही. व्हिसा रद्द होण्याआधी जुन्या विमा कंपनीकडून सलग विम्याचं पत्र मागून घ्या. त्यावर पॉलिसीची सुरुवात आणि शेवटची तारीख दोन्ही असल्या पाहिजेत. नव्या फॉर्मसोबत ते जोडा, त्याची पोच घ्या, आणि आजाराच्या रकान्यात ‘हो’ लिहा.