गुलाबाच्या फुलाचा नकार

मालिकेतली नायिका बाळंतपणानंतर 3 महिन्यांनी साडीतला फोटो टाकते आणि अर्ध्या तासात खाली शेरा उमटतो: 'किती सुटलीय ही! आधी बरी दिसायची.' शेरा मारणाऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल आहे आणि प्रोफाइलला कुलूप.

गुलाब टपोरा आहे, पाकळीवर दवबिंदूही आहे. म्हणजे गृहस्थांनी निवडायला वेळ घेतलाय. स्वतःचा फोटो लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं असणार, विचार केला असणार आणि 'आपण नको, गुलाबच बरा' असं ठरवलं असणार. स्वतःच्या रूपाबद्दल इतकं प्रांजळ मत असलेला माणूस दुसऱ्याच्या कमरेबद्दल निकाल देतो. त्याला लगेच वाघ अनुमोदन देतो, वाघाला सूर्यास्त, सूर्यास्ताला कुणाची तरी मोटारसायकल. अख्ख्या खंडपीठात एकालाही पोट नाही, टक्कल नाही, मान तर मुळीच नाही!

कुणी हटकलं की गुलाबाचा डॉक्टर होतो. 'काळजीपोटी सांगतोय, थायरॉईड तपासून घ्या.' अहो वैद्यराज, गरोदरपणात साधारण 11 ते 16 किलो वजन वाढणं ही निरोगी बाईची तब्येत झाली. ताणलेलं गर्भाशय मूळ आकाराला यायलाच 6 आठवडे जातात. पुढचं वजन उतरायला महिनोन्महिने लागतात, कधी वर्षही. हे तुमच्या घरातल्या कुठल्याही आईनं सांगितलं असतं, पण तिला विचारायचं तर तिच्याशी बोलावं लागतं. आणि काळजी होती तर ती चारचौघांत, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या 3 इमोजींसकट कशाला हो?

त्यात भर घालतात तिचे चाहते. ते गुलाबाला शिव्या घालायला धावतात. ॲपला शिवी कळत नाही, उत्तरं मोजता येतात. ज्या शेऱ्याखाली गर्दी, तो अनेकदा वर चढतो. शेवटी फोटो उघडला की बाळाच्या आधी गुलाब दिसतो.

हा हक्क आला कुठून? म्हणे, 'आम्ही बघतो म्हणून ती मोठी झाली.' खोटं! हा हक्क आपल्या बैठकीच्या खोलीतून आलाय. पिढ्यान्‌पिढ्या आपण अनोळखी घरी गेलो, सतरंजीवर ऐसपैस बसलो आणि परक्या मुलीला चालायला लावलं, केस दाखवायला लावले, रंग पारखला, उंची मोजली. मग निरोप धाडला, 'मुलगी अंगानं जरा जास्तच आहे.' तिचं काय झालं असेल, हे कुणी विचारलं नाही. आता जायची गरज उरली नाही, अंगठा पुरतो. पण त्या काळच्या उद्धट पाहुण्यालाही निदान स्वतःचं तोंड घेऊन समोर बसावं लागायचं, आणि त्याला कुणीतरी बोलावलेलं असायचं. या बाईनं तुम्हाला बोलावलं नव्हतं, पोहे केले नव्हते, आणि तुमच्या होकाराची वाट तर ती अजिबातच बघत नव्हती.