गुणांकनाचा विजय

भिवंडीतल्या एका महाविद्यालयाच्या प्रकल्प निधी समितीचे अभिनंदन करावे तितके थोडेच. कोणत्या विद्यार्थ्यांना पैसे द्यायचे, हा ठरवाठरवीचा विषय तिने शास्त्रशुद्ध केला आहे. नावीन्याला भार 40, उपयुक्ततेला 30, खर्चाला 20 आणि मांडणीला जेमतेम 10. प्रत्येक निकषाला दहापैकी गुण द्यायचे, भाराने गुणायचे, बेरीज करायची आणि तिला दहाने भागायचे.

यंदा अंतिम फेरीत दोन प्रस्ताव होते. एक, ताण्याचा धागा तुटताच जुना यंत्रमाग आपोआप थांबवणारे स्वस्त उपकरण. दुसरा, झाकण आपोआप उघडणारी कचरापेटी. सदस्य सुसंस्कृत, कुणाच्या विभागप्रमुखाला दुखवायचे नाही. म्हणून नावीन्यात दोघांना आठ, उपयुक्ततेत सात, खर्चात सहा. दोघांचेही झाले 65. मांडणीत मात्र सदस्यांनी निर्भीडपणे मन मोकळे केले: कचरापेटीला स्पायरल बाइंडिंग आणि रंगीत मुखपृष्ठाबद्दल नऊ, मागवाल्यांना स्टेपलरच्या पिनेबद्दल चार. निकाल 74 विरुद्ध 69. नव्वद टक्के भार शिस्तीत गप्प बसला आणि दहा टक्क्यांनी शंभर टक्के निर्णय दिला. (भांडण शून्य, चहा दोनदा.)

हे यश पाहता पहिले तीन रकाने पुढील वर्षी छापूच नयेत, कागद वाचेल. परीक्षक म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला बोलवावे. तो बाइंडिंग रोज पाहतो.

निधी कचरापेटीला मंजूर झाला आहे. पहिला हप्ता बाइंडिंगच्या बिलात गेला.