आधी निकाल, मग वाचन

मराठी परीक्षणाचं शेवटचं वाक्य बहुधा आधीच ठरलेलं असतं: ‘प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक.’ मग समासातली टिपणं त्या वाक्याकडे हाकत न्यायची, एवढंच काम उरतं. समजा, पुस्तक आहे नेमाड्यांचं ‘कोसला’ (१९६३) आणि टिपणं तीन: ‘पुण्यात कॉलेज, मग गावी परत’, ‘मनी गेली’ आणि ‘कंटाळा!!’

पहिली दोन सारांशात जातात आणि पाऊण जागा फस्त करतात. तिसरं आपले परीक्षक गुपचूप खोडतात. क्लासिकला कंटाळवाणं म्हणायची छाती कुणाची? खरं तर समीक्षा तिथूनच सुरू होते. हा कंटाळा कादंबरीच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकराचा, की वाचणाऱ्याचा? टिपणाशेजारी पानाचा आकडा असेल, तर ते पान पुन्हा उघडून बघता येतं: पांडुरंगाच्या डायरीतला रटाळपणा मुद्दाम ठेवलाय, की लेखकाचा हात सैल पडलाय? जे दिसेल त्यावरच निकाल टेकवायचा.

पण पानाचे आकडे लिहितो कोण! त्यापेक्षा ‘मुखपृष्ठ समर्पक, मुद्रणदोष टाळता आले असते’ एवढी चिकित्सा पुरते. मुद्रणदोषांसाठी निदान एखादं पान उघडावं लागतं, हे मात्र मान्य.